फोटोतला तक्ता दुसऱ्या प्रणालीत नेताना: सीएसव्ही, एक्सेल की जेसन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे बहुतेक प्रश्न एकाच कामातून निघाले आहेत. गावातल्या एका दूध संस्थेचा जुना संगणक बंद पडला आणि हाती राहिले ते दहा दिवसांच्या दूध बिलांचे मोबाइलवर काढलेले फोटो. ६० सभासदांची ६० बिलं. प्रत्येक बिलाच्या डोक्यावर सभासद क्रमांक आणि बँकेचा खाते क्रमांक, खाली ११ ते २० जून अशा दहा ओळी. तारखेपुढे ‘सकाळ’ हा मोठा मथळा आणि त्याखाली लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम असे पाच रकाने; मग ‘संध्याकाळ’ आणि पुन्हा तेच पाच रकाने. तळाशी एकूण लिटर आणि एकूण रक्कम. काही बिलं छापील, काही हातानं लिहिलेली. हा मजकूर तीन ठिकाणी जायचा होता: नव्या सॉफ्टवेअरमध्ये, लेखापरीक्षकाकडे आणि सभासदांसाठी मोबाइल ॲप करणाऱ्या मुलाकडे. उदाहरणातले दर आणि क्रमांक समजावण्यापुरते घेतले आहेत.

## तिघांपैकी सगळ्यात चांगला फॉरमॅट कोणता?

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण फॉरमॅट ठरवतो तो घेणारा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती आत घेण्यासाठी एकच खिडकी होती आणि ती फक्त सीएसव्ही घेत होती. लेखापरीक्षकाला आकड्यांवर खुणा करायच्या होत्या, म्हणून त्याला एक्सेल हवी होती. ॲपवाल्याला एका सभासदाखाली त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या वीस पाळ्या अशी बांधणी हवी होती, त्याला जेसन. घेणाऱ्याला आधी विचारा आणि जमलं तर त्याच्याकडून दोन ओळींची नमुना फाइल मागून घ्या. नमुन्यातले मथळे, तारखेची पद्धत आणि रकान्यांचा क्रम पाहिला की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

पण घेणाऱ्याला द्यायची फाइल आणि आपण तपासायची फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोतून मजकूर उतरवल्यावर पहिला मुक्काम मी नेहमी स्प्रेडशीटमध्ये करतो. तिथे डोळ्यांनी फोटो आणि तक्ता शेजारी ठेवून वाचता येतं, सूत्र लावून चूक पकडता येते. सगळं जुळलं की मगच त्यातून सीएसव्ही किंवा जेसन काढायची. ओसीआरनं, म्हणजे फोटोतला मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरनं, दिलेली सीएसव्ही सरळ नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली, तर चुका बिलात दिसतात, आणि तोवर पैसे खात्यात गेलेले असतात.

## `0042` हा सभासद क्रमांक `42` कसा झाला?

ओसीआरनं शून्यं बरोबर वाचली होती आणि सीएसव्हीतही ती होती. ती खाल्ली एक्सेलनं. सीएसव्ही ही साध्या मजकुराची फाइल आहे. कोणता रकाना आकड्यांचा, कोणता अक्षरांचा, कोणता तारखांचा, याची नोंद तिच्यात कुठेच नसते. फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल स्वतः अंदाज बांधते. `0042` आकड्यासारखं दिसतं, म्हणून आकडा. आणि आकड्याच्या डाव्या बाजूच्या शून्यांना किंमत नाही.

खाते क्रमांकाचे हाल याहून वाईट. साध्या सेलमध्ये बारा किंवा जास्त अंकी आकडा आला की एक्सेल तो `1.23457E+11` असा दाखवते. नुसतं दाखवण्यापुरतं असतं तर चाललं असतं. पण ती फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली की पडद्यावर जे दिसतंय तेच फाइलमध्ये उतरतं आणि मूळ अंक कायमचे जातात. त्यात एक्सेल आकड्याचे पहिले पंधराच अंक धरून ठेवते. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि असा क्रमांक दिसायला अगदी खरा वाटतो. खाते क्रमांकांच्या रकान्यात बऱ्याच क्रमांकांच्या शेवटी `0` दिसू लागला तर तिथेच थांबा.

उपाय असा: सीएसव्हीवर डबल क्लिक करायचं नाही. कोरी एक्सेल उघडून `Data` मधून `From Text/CSV` घ्या आणि समोर येणाऱ्या खिडकीत `Do not detect data types` निवडा. मग सगळे रकाने मजकूर म्हणून येतात. गूगल शीट्समध्ये `File`, `Import` या वाटेनं जा आणि `Convert text to numbers, dates, and formulas` यासमोरची खूण काढा. लिब्रेऑफिस फाइल उघडतानाच रकान्याचा प्रकार विचारतं. या एका बाबतीत ते मला एक्सेलपेक्षा शहाणं वाटतं.

ज्या आकड्यांची बेरीज कधीच करायची नसते, ते आकडे नव्हेत, ती नावं आहेत. सभासद क्रमांक, खाते क्रमांक, पिनकोड, मोबाइल क्रमांक ही सगळी नावं. ती शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच न्यायची.

## तारखांचं काय होतं? आमच्या पत्रकात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसतात.

ही खूण लक्षात ठेवा, फार कामाची आहे. एक्सेल मजकूर डावीकडे चिकटवते आणि आकडे व तारखा उजवीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसलं, तर तारखांची भेसळ झाली आहे.

आमच्या बिलात `11/06/2025` ते `20/06/2025` अशा तारखा होत्या. ज्या लॅपटॉपवर काम चाललं होतं त्याची मांडणी अमेरिकी होती, म्हणजे महिना आधी. त्यामुळे ११ जून झाला ६ नोव्हेंबर, १२ जून झाला ६ डिसेंबर. तेरावा महिना नसल्यामुळे १३ तारखेपासून पुढच्या आठही तारखा मजकूर म्हणून तशाच राहिल्या. पहिल्या दोन ओळी उजवीकडे, पुढच्या आठ डावीकडे. कालावधी १ ते १० जून असता तर ६ जून सोडून बाकी नऊ तारखा गुपचूप बदलल्या असत्या, सगळ्या उजवीकडे नीट बसल्या असत्या आणि कुणालाच शंका आली नसती.

म्हणून फाइल कुठलीही असो, तारीख `2025-06-11` अशी वर्ष, महिना, दिवस या क्रमानं लिहावी. ती उलटसुलट वाचली जात नाही आणि मजकूर म्हणून क्रम लावला तरी बरोबर क्रमात येते. जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही. तिथे ती अवतरणचिन्हांत मजकूर म्हणूनच जाते, त्यामुळे ही पद्धत दोन्ही बाजूंनी ठरवून घ्यावी लागते. घेणाऱ्या सॉफ्टवेअरला `11-06-2025` असंच हवं असेल तर बदल अगदी शेवटच्या पायरीवर करा.

## स्वल्पविरामानं रकाने का सरकतात?

कारण सीएसव्हीत स्वल्पविराम हीच रकान्यांमधली भिंत असते. बिलाच्या तळाशी एकूण रक्कम `12,430.50` अशी छापलेली होती. ती तशीच उतरवली की त्या एका रकमेचे दोन रकाने होतात, `12` आणि `430.50`, आणि पुढचं सगळं एक घर सरकतं. आपल्याकडे लाखाच्या रकमेत दोन स्वल्पविराम येतात, तिथे दोन घरं.

दोन वाटा आहेत. रकमांमधले स्वल्पविराम काढून टाकावेत, हे केव्हाही बरं. शेऱ्यासारख्या मजकुरात ते काढता येत नाहीत. तिथे पूर्ण मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा:

```
sabhasad,dinank,paali,litre,fat,snf,dar,rakkam,shera
0042,2025-06-11,सकाळ,6.5,4.1,8.5,36.20,235.30,
0042,2025-06-11,संध्याकाळ,5.0,4.0,8.5,35.80,179.00,"फॅट कमी, पुन्हा तपासली"
```

सीएसव्हीचे हे नियम २००५ मध्ये आरएफसी ४१८० या टिपणात लिहिले गेले, तोपर्यंत फॉरमॅट कित्येक वर्षं वापरात होता. त्यामुळे जुनी सॉफ्टवेअरं आपापल्या रीतीनं वागतात. अवतरणचिन्हांचा अर्थ न समजणारंही एखादं भेटतं. अशा वेळी टॅबनं तोडलेली फाइल मागतात का ते विचारा. बिलावर कुणी टॅब लिहीत नाही, त्यामुळे भिंतीचं चिन्ह मजकुरात येण्याची भीती राहत नाही. टॅबनं तोडलेला मजकूर कॉपी करून शीटमध्ये चिकटवला तर तो आपोआप रकान्यांतही बसतो.

## आमच्या ६० सभासदांपैकी ९ जणांच्या ओळीच गायब झाल्या. फाइलमध्ये मात्र त्या दिसतात. असं कसं?

हा माझा आवडता घोळ आहे, कारण तो हस्तलिखितातूनच जन्मतो. वरच्याप्रमाणेच दर असेल तर लिहिणारा खाली दोन छोट्या रेघा ओढतो, डिट्टो. ओसीआर त्या रेघांचं `"` करतं. सीएसव्हीच्या दृष्टीनं रकान्याच्या सुरुवातीला आलेलं `"` म्हणजे ‘इथून अवतरण सुरू झालं’. मग वाचणारं सॉफ्टवेअर पुढचं `"` मिळेपर्यंत स्वल्पविराम, ओळींचे शेवट, सभासद, सगळं एकाच सेलमध्ये कोंबत जातं. पुढचं डिट्टो नऊ सभासद सोडून असेल, तर मधले नऊ जण त्या एका सेलमध्ये झोपलेले असतात. नोटपॅडमध्ये उघडलं की ते दिसतात, तक्त्यात दिसत नाहीत.

शोधायचं असेल तर शीटमध्ये एखादी ओळ भलतीच उंच किंवा एखादा सेल भलताच लांब दिसतो का ते पाहा. आणि ओळी मोजा: आपल्याकडे ६० सभासद, दहा दिवस, दोन पाळ्या, म्हणजे मथळा सोडून १२०० ओळी. कमी भरल्या तर आधी `"` शोधा. डिट्टोच्या जागी खरा आकडा भरण्याचं काम स्प्रेडशीटमध्येच, फोटो समोर ठेवून उरकायचं. डिट्टो पुढे कुठल्याच फॉरमॅटमध्ये जाता कामा नये. उद्या कुणी ओळींचा क्रम बदलला की ‘वरच्याप्रमाणे’ला अर्थ उरत नाही.

## मराठी अक्षरांच्या जागी `à¤¸à¤` असलं काहीतरी दिसतं. फाइल बिघडली का?

नाही. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत आहे आणि एक्सेलनं ती दुसरीच लिपी समजून वाचली आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट चुकीच्या चष्म्यातून `à` दिसतो. म्हणून पानभर `à` दिसले की ओळखायचं, मजकूर शाबूत आहे. फाइल जतन न करता बंद करा आणि वर सांगितलेल्या वाटेनं, `65001: Unicode (UTF-8)` निवडून उघडा. चुकीच्या रूपात जतन केलीत तर मात्र खरंच बिघडू शकते.

एक्सेलमधून काढताना `CSV UTF-8` हा पर्याय घ्या. नुसतं `CSV` घेतलं तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

एक बारीक गोष्ट. `CSV UTF-8` म्हणून जतन करताना एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालते. एक्सेलला पुढच्या वेळी लिपी ओळखायला त्यांचा उपयोग होतो. पण काही सॉफ्टवेअरं ते बाइट पहिल्या मथळ्याचाच भाग समजतात आणि ‘`sabhasad` हा रकाना सापडत नाही’ अशी तक्रार करतात. रकाना तर डोळ्यांसमोर असतो! फक्त पहिल्याच रकान्याबद्दल अशी तक्रार आली तर संशय या तीन बाइटांवर घ्या. पायथॉनमध्ये अशी फाइल वाचताना `utf-8-sig` लिहिलं की ते गळून पडतात.

## बिलातले आकडे देवनागरीत आहेत. ते तसेच ठेवले तर?

माणसानं वाचायच्या फाइलमध्ये ठेवा, यंत्राला द्यायच्या फाइलमध्ये नको. शीटमध्ये `६.५` हा मजकूर म्हणून बसतो आणि `SUM` मजकूर मोजतच नाही, चूक झाल्याचा इशाराही देत नाही. बेरीज शून्य आली किंवा अपेक्षेपेक्षा कमी आली, तर हे कारण असू शकतं. पायथॉन `float("६.५")` बिनतक्रार `6.5` देतं, पण जावास्क्रिप्ट `Number("६.५")` ला `NaN` म्हणतं. म्हणजे एकच फाइल एकाकडे चालते आणि दुसऱ्याकडे अडते. जेसनचा नियम तर सरळ आहे: अवतरणाबाहेरच्या आकड्यात `0` ते `9` हेच अंक चालतात.

अंक बदलणं सोपं आहे, दहा वेळा शोधा आणि बदला. पण त्याआधी मूळ रकान्याची एक प्रत शेजारी राहू द्या. हाताच्या लिखाणात १ आणि ९ यांत गफलत होते, आणि पुढे शंका आली की ओसीआरनं मूळ काय वाचलं होतं ते पाहावं लागतं.

## ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ हे जोडलेले मथळे कसे न्यायचे?

एक्सेलमध्ये जोडलेले सेल दिसतात छान, पण मजकूर फक्त डावीकडच्या पहिल्या सेलमध्ये असतो. सीएसव्हीत गेल्यावर ‘सकाळ’ लिटरच्या डोक्यावर राहतं आणि फॅट, एसएनएफ, दर, रक्कम यांच्या डोक्यावर काहीच उरत नाही. शिवाय मथळ्यांच्या दोन ओळी होतात आणि `litre` नावाचे दोन रकाने. बहुतेक सॉफ्टवेअरं पहिलीच ओळ मथळा धरतात.

यावर मी पाळी हाच एक रकाना करतो, वरच्या नमुन्यातल्या `paali` सारखा. बिलावरच्या दहा रुंद ओळींच्या वीस अरुंद ओळी होतात. डोक्यावरचा सभासद क्रमांक प्रत्येक ओळीत पुन्हा लिहायचा. माणसाला हा तक्ता कंटाळवाणा वाटतो, पण यंत्राला तो एका नजरेत कळतो आणि कुठलीही ओळ स्वतःचा अर्थ स्वतःबरोबर घेऊन फिरते. तळाची एकूण ही ओळ मात्र यात घ्यायची नाही, नाहीतर बेरीज दुप्पट होते. एकूण आकडे दुसऱ्या पानावर ठेवा, तपासणीला लागतात.

## मग जेसन कधी घ्यायचा?

माहितीत माहिती असेल तेव्हा. एक सभासद, त्याचं एक खातं आणि त्याच्याखाली वीस पाळ्या. सीएसव्हीत खाते क्रमांक वीस वेळा लिहावा लागतो किंवा दोन वेगळ्या फाइली कराव्या लागतात. जेसनमध्ये बिलाचा आकार तसाच राहतो:

```json
{
  "sabhasad": "0042",
  "khate": "001234567890",
  "nondi": [
    {"dinank": "2025-06-11", "paali": "सकाळ",
     "litre": 6.5, "fat": 4.1, "dar": "36.20"},
    {"dinank": "2025-06-12", "paali": "संध्याकाळ",
     "litre": null, "fat": null, "dar": null}
  ]
}
```

यात अवतरण कुठे आहे आणि कुठे नाही ते पाहा. `"0042"` मजकूर आहे हे फाइलच सांगते, कुणाला अंदाज बांधावा लागत नाही. जेसनचा खरा फायदा मला हाच वाटतो. अवतरण काढून `0042` लिहिलं तर पूर्ण फाइलच नियमबाह्य ठरते, कारण जेसनमध्ये आकडा शून्यानं सुरू होऊन पुढे अंक येऊ शकत नाहीत. दर मुद्दाम मजकुरात ठेवला आहे. `36.20` आकडा म्हणून गेला की परत येताना `36.2` होतो. किंमत तीच, पण बिलावर छापताना पैशांचं घर तुटतं.

ॲपवाल्यानं पाठवलेल्या फाइलमध्ये `\u0938\u0915\u093e\u0933` असं दिसलं तर घाबरू नका. तो ‘सकाळ’ हाच शब्द आहे, फक्त लांबवून लिहिलेला, आणि जेसनमध्ये तो बिनचूक मानला जातो.

एका पानाचा साधा चौकोनी तक्ता असेल, तर जेसनच्या नादी लागू नये. सचिवांना तो उघडून एक आकडा दुरुस्त करायचा झाला आणि चुकून एक स्वल्पविराम जास्त पडला, तर फाइल वाचलीच जाणार नाही.

## रिकामं घर म्हणजे शून्य का?

बिलावर तीन प्रकारची रिकामी घरं होती. सभासदानं त्या पाळीला दूधच घातलं नाही, तिथे आडवी रेघ. फोटोत बोट आलं किंवा शाई पसरली, तिथे वाचताच आलं नाही. आणि फॅट मोजणारं यंत्र बंद होतं, तिथे लिटर आहे पण फॅट नाही. या तिन्हींना `0` लिहिलं तर तिसऱ्या प्रकारात फॅट शून्य धरून सरासरी खाली येते आणि सभासदाशी भांडण होतं.

जेसनमध्ये `0` आणि `null` हे दोन वेगळे शब्द आहेत: दूध नाही म्हणजे `0`, माहीत नाही म्हणजे `null`. सीएसव्हीत ‘माहीत नाही’साठी शब्दच नाही, फक्त दोन स्वल्पविरामांमधली मोकळी जागा. तिथे मी `sthiti` असा एक जादा रकाना ठेवतो आणि त्यात ‘दूध नाही’, ‘अवाचनीय’, ‘यंत्र बंद’ यांपैकी एक लिहितो. नुसती `-` ठेवू नका. घेणारं सॉफ्टवेअर तिला मजकूर समजून पूर्ण रकाना मजकुराचा करू शकतं.

## शंकेच्या ओळी लाल केल्या होत्या, त्या पुढे जातील का?

एक्सेलच्या `.xlsx` मध्ये जातील. सीएसव्ही आणि जेसनमध्ये रंग, सेलला चिकटवलेले शेरे, जोडलेले सेल, सूत्रं यांतलं काहीच जात नाही; सीएसव्हीत सूत्राचं उत्तर जातं आणि तेही एकाच पानाचं. अर्थ असलेला रंग म्हणजे एक रकाना आहे, तो लिहून काढा.

## ओळींची मर्यादा किती?

आपल्या कामाला ती लागत नाही. `.xlsx` मध्ये एका पानावर १०,४८,५७६ ओळी बसतात. जुन्या `.xls` मध्ये मात्र ६५,५३६ च. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं २०२० मध्ये प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही या जुन्या फॉरमॅटमध्ये ओढल्या आणि १५,८४१ कोरोना रुग्णांची नोंद वेळेत पुढे गेलीच नाही. कुणी `.xls` मागितलं तर ‘`.xlsx` चालेल का’ एवढं विचारून घ्या.

## तक्ता बरोबर उतरला हे कसं ओळखायचं?

दूध बिलाची गंमत अशी की ते स्वतःच स्वतःचा हिशोब तपासू देतं. लिटर गुणिले दर म्हणजे रक्कम. वरच्या मथळ्यांच्या क्रमानं `D` मध्ये लिटर, `G` मध्ये दर, `H` मध्ये रक्कम असेल तर बाजूच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र खालपर्यंत ओढा:

```
=ROUND(D2*G2,2)-H2
```

सगळे रकाने मजकूर म्हणून आणले असले तरी हे सूत्र चालतं, कारण गुणाकार आणि वजाबाकी करताना एक्सेल मजकुरातला आकडा ओळखते. `SUM` ओळखत नाही. बेरजेआधी `VALUE` लावावं लागतं. उत्तर शून्य आलं तर ओळ जुळली. एका पैशाचा फरक सोडून द्या, काही यंत्रं पैसे वरखाली करतात.

फरक किती आला यावरून चूक कुठे आहे तेही कळतं. एका ओळीत ६.५ लिटर, दर ३६.२०, रक्कम २३५.३० होती. ओसीआरनं टिंब गिळून ६५ लिटर वाचलं तेव्हा फरक आला २११७.७०, म्हणजे रकमेच्या बरोबर नऊ पट. नऊ पट फरक म्हणजे कुठेतरी टिंब हरवलं. दुसऱ्या वेळी लिटर बरोबर होतं, पण फरक आला ३२५. त्याला लिटरनं भागलं, ३२५ भागिले ६.५, बरोबर ५०. दरात नेमकी पन्नासाची चूक, म्हणजे दशकाच्या जागी ३ चा ८ झाला आणि ३६.२० चं ८६.२० वाचलं गेलं. फोटो मोठा करून पाहिला, तसंच निघालं.

ही चाळणी फॅटची चूक पकडत नाही, कारण फॅट या गुणाकारात नाही. त्यासाठी फॅट, एसएनएफ आणि दर यांवर क्रम लावायचा. दरपत्रक एकच असताना, एकाच फॅट आणि एसएनएफला दोन वेगळे दर दिसले तर त्यांतली एक ओळ चुकली आहे. आणि पूर्ण ओळच गळाली तर वरच्या दोन्ही चाळण्या गप्प बसतात. ती पकडतो तळाचा एकूण आकडा. सभासदवार बेरीज करून बाजूला ठेवलेल्या एकूण रकमेशी ताडून पाहा.

## फाइल दिल्यावर आणखी काही बघायचं का?

एक फेरी. नव्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती गेल्यावर तिथूनच ती परत सीएसव्हीत काढा आणि नोटपॅडमध्ये उघडा, एक्सेलमध्ये नको. तीन ओळी पाहिल्या तरी पुरतं: शून्यानं सुरू होणारा सभासद, सगळ्यात लांब खाते क्रमांक आणि स्वल्पविराम असलेला शेरा. आमच्या पहिल्या फेरीत सभासद आणि खाते बरोबर आले, पण शेरा स्वल्पविरामापाशी तुटून आला. सॉफ्टवेअरला अवतरणं समजत नव्हती. आम्ही शेऱ्यांतले स्वल्पविराम काढून तिथे आडवी रेघ घातली आणि १२०० ओळी पुन्हा भरल्या.